पीडीएफची रांग आणि ऑर्डरची कीर्द: रॅबिटएमक्यू सोडून काफ्काकडे जावं का?

प्रश्न: "आमच्याकडे रोज साधारण ४०,००० ऑर्डर येतात. ऑर्डर आली की इनव्हॉइसचं पीडीएफ, ई-मेल आणि एसएमएस ही कामं रॅबिटएमक्यूवरून सेलरीच्या वर्करकडे जातात. गेल्या महिन्यात कराच्या हिशेबात बग सापडला. तीन दिवसांची इनव्हॉइस पुन्हा काढायची होती, पण मेसेज केव्हाच निघून गेले होते. टीममधले म्हणतात काफ्का घ्या, त्यात रिप्ले असतो. जावं का?"

उत्तर:

माझं मत आधी सांगून टाकतो. तुमच्या जागी मी असतो तर रॅबिटएमक्यू तसाच ठेवला असता आणि रिप्लेची सोय डेटाबेसमधल्या एका टेबलनं केली असती. पण हे मत मी तुमच्या चार ओळींवरून बनवलंय. तुमच्या ऑर्डरचा डेटा आणखी किती टीम वापरतात, काफ्का चालवायला कोणी आहे का, सगळ्यात मोठं पीडीएफ बनायला किती वेळ लागतो, हे मला माहीत नाही. म्हणून मी या मताला कसा आलो ते नीट सांगतो. कुठे तुमची परिस्थिती वेगळी आहे ते तुम्हालाच दिसेल.

तुमच्याकडे गरजा दोन आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्यात. काम हाताखालच्या वर्करमध्ये वाटायचं ही एक, आणि काय घडलं ते लक्षात ठेवायचं ही दुसरी. बग सापडला तेव्हा तुमची अडचण दुसऱ्या गरजेत झाली. काम वाटण्यात काही बिघडलेलं तुम्ही लिहिलेलं नाही.

वेगाचा मुद्दा लगेच बाजूला ठेवू. दिवसाला ४०,००० म्हणजे सेकंदाला अर्ध्याहून कमी. सगळ्या ऑर्डर संध्याकाळच्या दोन तासांत आल्या असं धरलं, तरी सेकंदाला साडेपाच. एका पीडीएफला दोन सेकंद लागत असतील तर त्या गर्दीत एका वेळी अकराएक वर्कर पुरतात. रॅबिटएमक्यू काय की काफ्का काय, हा आकडा दोन्ही ब्रोकरना किरकोळ आहे. त्यामुळे कोणी "काफ्का जास्त वेगवान आहे" म्हणालं तर ते खरं असलं तरी तुमच्या प्रश्नाला लागू नाही.

खरा फरक हा की "हे काम झालं" ही आठवण कोण ठेवतं.

रॅबिटएमक्यूची क्यू म्हणजे पिठाच्या गिरणीतली डब्यांची रांग. मोकळा झालेला माणूस पुढचा डबा उचलतो, दळून झालं की डबा रांगेतून जातो. कुठला डबा कोणाकडे आहे, कुठला दळून झाला, कुठला परत ठेवायचा, हे गिरणीला म्हणजे ब्रोकरला प्रत्येक डब्यागणिक माहीत असतं. वर्करनं अ‍ॅक, म्हणजे "काम झालं" ही पोच, पाठवला की मेसेज पुसला जातो. वर्कर मध्येच मेला तर त्याच्या हातातले अ‍ॅक न झालेले मेसेज तेवढे परत रांगेत येतात.

काफ्काचा टॉपिक म्हणजे दुकानातली रोजकीर्द. एकाखाली एक नोंद होत जाते आणि वाचल्यामुळे काही पुसलं जात नाही. वाचणारा फक्त "मी इथपर्यंत आलो" म्हणून बोट ठेवतो. ते बोट म्हणजे ऑफसेट. दुसरा वाचणारा स्वतःचं वेगळं बोट ठेवतो. मागे जायचं असेल तर बोट मागे न्यायचं, यालाच रिप्ले म्हणतात. कीर्द अनेक वह्यांत विभागलेली असते, त्या वह्या म्हणजे पार्टिशन. एका कन्झ्यूमर ग्रुपमध्ये एक वही एका वेळी एकाच वाचकाकडे असते. १२ पार्टिशन असतील तर तेरावा वर्कर रिकामा बसतो.

यातून पुढचं सगळं निघतं. काफ्काकडे एका ग्रुपसाठी, एका पार्टिशनमागे, फक्त एक आकडा असतो. १०१ आणि १०३ नंबरची कामं झाली आणि १०२ राहिलं, ही गोष्ट त्या एका आकड्यात मावत नाही. १०२ संपेपर्यंत बोट पुढे नेता येत नाही, आणि नेलं तर १०२ हरवतं.

हे कागदावर किरकोळ वाटतं. मलाही वाटलं होतं. काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी होतो, तिथे ग्राहकांची मासिक स्टेटमेंट बनवण्याचं काम आम्ही हौसेनं काफ्कावर नेलं. १२ पार्टिशन, १२ वर्कर. एका स्टेटमेंटला सरासरी दोन सेकंद. चाचणीत सगळं छान, पहिले तीन आठवडेही छान. एक तारखेला सकाळी ग्राहकांचे फोन सुरू झाले, एकच स्टेटमेंट तीन-तीनदा येतंय म्हणून. इकडे स्क्रीनवर बाकी राहिलेल्या कामांचा आकडा तासभर जागचा हलेना. वर्कर जिवंत होते, सीपीयू भरलेला होता, म्हणजे काम तर जोरात चालू होतं.

कारण अगदी साध्या गुणाकारात होतं. काफ्काचा कन्झ्यूमर एका `poll()` मध्ये जास्तीत जास्त ५०० मेसेज उचलतो, हे `max.poll.records` चं मूळ मूल्य. आणि दोन `poll()` मध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला तर कन्झ्यूमर अडकला असं समजून ग्रुपमधून बाहेर पडतो, हे `max.poll.interval.ms` चं. ५०० कामं गुणिले दोन सेकंद म्हणजे १,००० सेकंद, जवळजवळ सतरा मिनिटं. पाचव्या मिनिटाला, दीडशेएक स्टेटमेंट पाठवून झालेली असताना, वर्कर ग्रुपबाहेर. त्याची वही दुसऱ्याकडे गेली. बोट पुढे सरकलेलंच नव्हतं, म्हणून दुसऱ्यानं पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पहिल्याला हे कळलेलं नाही, तो उरलेली साडेतीनशे पाठवतच राहिला. पाच मिनिटांनी दुसराही बाहेर. चाचणीत हे दिसलं नाही कारण तिथे रांगेत दहा-वीसच मेसेज असायचे. एरवीच्या दिवशीही कधी ५०० साचले नव्हते.

हे ओळखायची खूण लॉगमध्ये असते. वर्करच्या लॉगमध्ये हा तुकडा शोधा:

```
consumer poll timeout has expired
```

हार्टबीट वेगळ्या थ्रेडमधून जात असल्यामुळे बाहेरून वर्कर ठणठणीत दिसतो, म्हणून फक्त "प्रोसेस चालू आहे ना" एवढंच बघणारं मॉनिटरिंग इथे फसतं.

आम्ही `max.poll.records` २० वर आणलं आणि ते चक्र थांबलं. पण दुसरं दुखणं उघडं पडलं. काही मोठ्या ग्राहकांच्या स्टेटमेंटला चार-चार मिनिटं लागायची. त्या वहीत त्यांच्या मागे असलेले सगळे दोन सेकंदांचे ग्राहक ताटकळत, आणि शेजारचे वर्कर मोकळे. `kafka-consumer-groups.sh --describe` चालवलं की `LAG` च्या रकान्यात अकरा पार्टिशनसमोर शून्य आणि एकासमोर हजारांत आकडा. गिरणीत हे होत नाही. एकजण मोठा डबा दळत बसला तरी बाकीचे पुढचे डबे उचलत राहतात.

तुमचं पीडीएफ, ई-मेल आणि एसएमएसचं काम नेमकं या जातीचं आहे. प्रत्येक काम स्वतंत्र, वेळ कमी-जास्त, मध्येच एखादं फसणार, पुन्हा करून बघावं लागणार. एसएमएसवाल्याचा सर्व्हर दहा मिनिटं बंद असेल तर रॅबिटएमक्यूमध्ये तेवढे मेसेज बाजूच्या क्यूत ठेवून थोड्या वेळानं परत आणता येतात. काफ्कात हेच करायला रिट्रायचे वेगळे टॉपिक आणि ते वाचणारे वेगळे कन्झ्यूमर तुम्हाला स्वतः उभे करावे लागतात. करतात लोक. मीही केलंय. पण रॅबिटएमक्यूत आयती मिळणारी गोष्ट आपण हातानं पुन्हा बांधतोय हे तेव्हा जाणवत राहतं.

आता रॅबिटएमक्यूची बाजू घेतो म्हणजे तो साधू आहे असं नाही. सेलरी वापरताय म्हणून तीन जागा तपासा असं सांगेन.

पहिली म्हणजे सेलरी मूळ सेटिंगमध्ये काम सुरू करण्याआधीच अ‍ॅक पाठवते. म्हणजे वर्कर पीडीएफ बनवताना मेला तर तो मेसेज गेलाच. तुमच्याकडे "कधीकधी एखादं इनव्हॉइस येतच नाही" अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा. `task_acks_late` चालू करा. एवढ्यावर थांबू नका, कारण मेमरी संपून लिनक्सनं वर्करची आतली प्रोसेस मारली तर सेलरी तरीही अ‍ॅक करून मोकळी होते. त्यासाठी `task_reject_on_worker_lost` आहे. ते चालू केल्यावर मात्र एखादं पीडीएफ दर वेळी मेमरी खाऊन वर्कर मारत असेल तर ते फिरून फिरून येत राहील. क्वोरम क्यूमध्ये यावर मर्यादा घालता येते, आवृत्ती ४.० पासून ती मुळातच २० आहे. पण मर्यादा ओलांडलेला मेसेज कुठे जावा ते डेड-लेटर एक्स्चेंज लावून सांगितलं नसेल तर तो सरळ टाकून दिला जातो.

दुसरी जागा प्रीफेचची. सेलरीचा वर्कर प्रत्येक प्रोसेसमागे चार मेसेज आगाऊ उचलून ठेवतो. लांब कामांत याचा अर्थ एकाच्या हातात चार डबे आणि शेजारी रिकामा. रॅबिटएमक्यूच्या स्क्रीनवर `Ready` शून्य, `Unacked` भरपूर, आणि तरी अर्धे वर्कर शांत, असं दिसलं की हेच समजायचं. `worker_prefetch_multiplier = 1` करा.

तिसरी जागा बहुतेकांना उशिरा कळते. एखादा मेसेज घेऊन कन्झ्यूमरनं ३० मिनिटांत अ‍ॅक दिला नाही तर रॅबिटएमक्यू ते चॅनेलच बंद करतो, लॉगमध्ये `PRECONDITION_FAILED` दिसतं आणि मेसेज परत रांगेत जातो. "एक तासानं आठवणीचा एसएमएस पाठव" अशी कामं सेलरीच्या `countdown` नं लावली असतील तर ते मेसेज तेवढा वेळ अ‍ॅक न होता वर्करच्या हातात पडून राहतात आणि नेमके या मर्यादेत सापडतात.

असो. आता रिप्लेकडे वळू, कारण तुमची टीम भुलली आहे ती त्याला.

गेल्या महिन्यात तुमच्याकडे काफ्का असता तर काय झालं असतं ते पायरीपायरीनं करून बघू. समजा बग ११ जूनच्या पहाटे डिप्लॉय झाला आणि १३ तारखेच्या रात्री सापडला. तुम्ही कोड दुरुस्त केला आणि बोट मागे न्यायला निघालात:

```
kafka-consumer-groups.sh --bootstrap-server localhost:9092 \
  --group invoice-pdf --topic orders \
  --reset-offsets --to-datetime 2025-06-10T18:30:00.000Z \
  --dry-run
```

वेळ यूटीसीत दिली आहे, आपल्याकडच्या मध्यरात्रीच्या साडेपाच तास मागे. ती थेट `2025-06-11T00:00:00.000` लिहिली असती तर टूलनं ती यूटीसीच धरली असती आणि पहिल्या साडेपाच तासांच्या ऑर्डर सुटल्या असत्या. `--dry-run` चं उत्तर पटलं की `--execute`. पण त्याआधी त्या ग्रुपचे सगळे वर्कर बंद करावे लागतात, चालू ग्रुपचा ऑफसेट हे टूल हलवू देत नाही.

वर्कर पुन्हा सुरू केले. तीन दिवसांच्या १,२०,००० ऑर्डर, १२ वर्कर, दोन सेकंदांचं काम. भागाकार केला तर २०,००० सेकंद, म्हणजे साडेपाच तास. या साडेपाच तासांत आलेली प्रत्येक नवी ऑर्डर वहीत सगळ्यांच्या शेवटी. ग्राहक आत्ता पैसे भरतोय आणि त्याचं इनव्हॉइस साडेपाच तासांनी. यावर उपाय म्हणजे `invoice-pdf-replay` नावाचा नवा ग्रुप काढायचा, त्याला जुन्या जागेवरून वाचायला लावायचं आणि मूळ ग्रुपला हातच लावायचा नाही. हे चांगलं चालतं, फक्त त्या नव्या ग्रुपनं कुठे थांबायचं ते तुमच्या कोडनं बघावं लागतं. नाहीतर तो आजच्या ऑर्डरपर्यंत येऊन त्यांचीही पीडीएफ बनवायला लागतो.

आणि त्याच कोडमध्ये ई-मेल आणि एसएमएस पाठवणं असेल तर? लाखभर लोकांना "तुमची ऑर्डर मिळाली" पुन्हा एकदा जाणार. काफ्का नोंद परत वाचून दाखवतो. ती वाचून तुमचा कोड बाहेरच्या जगात काय काय करतो ते त्याला माहीत नसतं. रिप्ले हवा असेल तर कोणतं काम दोनदा झालं तरी चालेल आणि कोणतं नाही, हे तुम्हाला आधीच ठरवून ठेवावं लागतं, ब्रोकर कुठलाही असो.

शिवाय मुदतीचं बंधन आहे. काफ्का मूळ सेटिंगमध्ये नोंदी सात दिवस ठेवतो. करातली चूक बऱ्याचदा महिनाअखेरीला जुळवणी करताना सापडते. टीमनं काफ्का घेतला, मुदत वाढवली नाही आणि विसाव्या दिवशी रिप्ले करायला गेली, तर तिथेही रिकामी वहीच मिळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे दोन्ही ब्रोकरबाहेरचं आहे. तुमच्या मेसेजमध्ये असतं काय? नुसता `order_id` असेल तर रिप्लेच्या वेळी वर्कर डेटाबेसमधून आजची किंमत आणि आजचा पत्ता उचलेल. तीन दिवसांपूर्वीचं इनव्हॉइस आजच्या आकड्यांनी बनेल. उलट, मेसेजमध्ये कराचा हिशेब करूनच टाकत असाल तर रिप्ले तीच चूक इमानेइतबारे पुन्हा छापेल. मेसेजमध्ये त्या क्षणाची कच्ची माहिती हवी: कोणती वस्तू, त्या वेळचा दर, किती नग, माल कुठे जाणार. कर त्यावरून पुन्हा काढता आला पाहिजे. ही शिस्त नसेल तर काफ्का आणून काहीच हाती लागणार नाही.

जाता जाता, जीएसटीचं इनव्हॉइस एकदा ग्राहकाला गेलं की ते गुपचूप बदलून नवं पाठवता येत नाही. कर जास्त लावला गेला असेल तर क्रेडिट नोट काढावी लागते, कमी लावला गेला असेल तर डेबिट नोट, सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली. म्हणजे तुम्हाला जुनं काम पुन्हा चालवायचंच नव्हतं. जुन्या नोंदी वाचून एक वेगळं काम करायचं होतं. तुमच्या अकाउंट्सवाल्यांना हे आधी विचारा, मग रिप्लेचा आराखडा करा.

तर मी काय केलं असतं. ऑर्डर ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये साठते, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एक नोंद:

```sql
CREATE TABLE order_events (
  id           bigserial PRIMARY KEY,
  order_id     bigint NOT NULL,
  event_type   text NOT NULL,
  payload      jsonb NOT NULL,
  created_at   timestamptz NOT NULL DEFAULT now(),
  published_at timestamptz
);
```

ही तुमची कीर्द. एक छोटी प्रोसेस `published_at IS NULL` असलेल्या रो उचलते, रॅबिटएमक्यूला पाठवते, ब्रोकरकडून पोच आली की `published_at` भरते. यामुळे "ऑर्डर डेटाबेसमध्ये गेली पण मेसेज गेलाच नाही" हा प्रकारही बंद होतो, जो आत्ता तुमच्याकडे अधूनमधून होत असणार. एक खाचखळगा सांगतो. `published_at` ऐवजी "शेवटचा पाठवलेला `id`" लक्षात ठेवण्याचा मोह होतो. तो टाळा. पोस्टग्रेसमध्ये ५०१ नंबरची रो ५०२ च्या नंतर कमिट होऊ शकते. तुम्ही ५०२ पर्यंत पोचलात की ५०१ कायमची मागे राहते, आणि कुठेही एरर येत नाही.

पाठवल्यानंतर आणि `published_at` भरण्याआधी ती प्रोसेस मेली तर तोच मेसेज दोनदा जाईल. म्हणून वर्करच्या बाजूला `(order_id, doc_type, revision)` यावर युनिक बंधन असलेलं टेबल ठेवा आणि काम करण्याआधी तिथे बघा. ही सोय काफ्कातही करावीच लागली असती. वर सांगितलेल्या एक तारखेच्या गोंधळात आमच्याकडे हे टेबल असतं तर वर्कर फिरत राहिले असते, पण ग्राहकांना एकच स्टेटमेंट गेलं असतं.

वर्षाला या टेबलमध्ये दीड कोटीच्या आत रो होतील. पोस्टग्रेसला ते जड नाही, हवं तर महिन्यानुसार टेबल विभागा.

आता तुमचा बग पुन्हा आला असं समजा. या वेळी चूक फक्त परराज्यातल्या ऑर्डरमध्ये होती आणि तशा ९,००० निघाल्या. कीर्दीवर एक क्वेरी चालवायची, तारखेची आणि राज्याची अट घालायची, आणि त्या ९,००० नोंदी `pdf.replay` नावाच्या वेगळ्या क्यूमध्ये टाकायच्या. त्या क्यूवर चार वर्कर, ज्यांच्यात ई-मेल-एसएमएसचा कोडच नाही. दोन सेकंदांच्या हिशेबानं सव्वा तासात काम संपेल. रोजची क्यू आणि तिचे वर्कर वेगळे असल्यामुळे नव्या ऑर्डरच्या ग्राहकाला काही जाणवणार नाही. काफ्कात अशी निवड करता येत नाही. १,२०,००० नोंदी वाचून त्यातल्या १,११,००० सोडून द्याव्या लागतात. वाचायला फार वेळ लागत नाही हे मान्य, पण "मला या या ऑर्डर दे" असा प्रश्न काफ्काच्या टॉपिकला विचारता येत नाही, टेबलला येतो.

मग काफ्का कधी? ऑर्डरची नोंद हवी असणारे चार-पाच जण असतील, प्रत्येक वेगळ्या टीमचा, वेगळ्या गतीचा: साठ्याचा हिशेब, फसवणूक शोधणं, अ‍ॅनॅलिटिक्स, शोधाचा इंडेक्स. त्यातला एखादा सहा महिन्यांनी येऊन म्हणेल की मला मार्चपासूनचं सगळं वाचायचंय. रॅबिटएमक्यूत एकच मेसेज पाच क्यूंना देता येतो, पण ज्याची क्यू तेव्हा नव्हतीच त्याला काही मिळत नाही. एकाच ऑर्डरच्या नोंदी क्रमानंच वाचल्या पाहिजेत, "रद्द" हे "आली" च्या आधी येता कामा नये, ही गरज असेल तेव्हाही काफ्का बरा, कारण एक की एकाच पार्टिशनमध्ये जाते. पार्टिशनची संख्या पुढे वाढवली की कीच्या जागा बदलतात, म्हणून ती सुरुवातीलाच थोडी सढळ ठेवायची. आकारमानानं टेबल पेलवेनासं झालं तर तेही कारण. अशा ठिकाणी मी दोन्ही ठेवलेत: घडलेल्या गोष्टी काफ्कात, आणि त्यातून निघणारी पीडीएफसारखी कामं एक छोटा कन्झ्यूमर रॅबिटएमक्यूत टाकतो.

कोणीतरी लगेच म्हणेल की आता दोघं एकमेकांसारखे होत चाललेत. खरं आहे. रॅबिटएमक्यूत ३.९ पासून स्ट्रीम आहेत, ज्या वाचल्यानं रिकाम्या होत नाहीत आणि मागच्या वेळेपासून वाचता येतात. काफ्का ४.० मध्ये शेअर ग्रुप आले, त्यात एकेका नोंदीला वेगळा अ‍ॅक देता येतो आणि पार्टिशनपेक्षा जास्त वर्कर लावता येतात. ४.० मध्ये ते चाखून बघण्यापुरतेच होते. तुमची टीम काफ्कावरच अडून बसली तर निदान पीडीएफच्या कामासाठी शेअर ग्रुप तपासा, पण तुमची क्लायंट लायब्ररी त्यांना ओळखते का ते आधी बघा.

तुमची सेटिंगं आणि सगळ्यात लांब पीडीएफचा वेळ इथे टाकलात तर आणखी नेमकं सांगता येईल. सरासरी नको, सगळ्यात लांबच द्या.